मोठ्या पंप मोटरचा प्रारंभ प्रवाह आणि दाबघट

'''प्रारंभ प्रवाह''' म्हणजे विद्युत मोटर स्थिर अवस्थेतून पूर्ण गतीपर्यंत पोहोचत असताना पुरवठ्यातून ओढत असलेला प्रवाह. पिंजरा-रोटर प्रवर्तन मोटरीत हा प्रवाह पूर्ण भाराच्या प्रवाहाच्या साधारणपणे पाच ते सात पट असतो. रोहित्र, तारा आणि केबल यांच्या संरोधातून तो वाहताना पुरवठ्याचा विद्युतदाब तात्पुरता खाली येतो. या घसरणीस '''दाबघट''' म्हणतात. उपसा सिंचन योजना, पाणीपुरवठा केंद्रे आणि कारखान्यांतील मोठ्या पंपांसाठी प्रारंभ प्रवाह मर्यादित ठेवण्याच्या दोन पद्धती विशेष प्रचारात आहेत : स्टार-डेल्टा प्रारंभक आणि सॉफ्ट स्टार्टर. या लेखात १६० किलोवॅटच्या एका अपकेंद्री पंपाचे उदाहरण घेऊन दोन्ही पद्धतींतील प्रवाह, दाबघट आणि उपलब्ध होणारे परिपीडन यांची तुलना केली आहे. परिपीडनास व्यवहारात टॉर्क म्हणतात. पुढे तोच शब्द वापरला आहे.

== प्रारंभ प्रवाह मोठा का असतो ==

प्रवर्तन मोटरची रचना रोहित्रासारखी असते. स्टेटरची गुंडाळी ही तिची प्राथमिक बाजू आणि रोटरचा पिंजरा ही द्वितीयक बाजू होय. पिंजऱ्याच्या सळया दोन्ही टोकांना कड्यांनी जोडलेल्या असतात. म्हणजे द्वितीयक बाजू कायमची लघुपथित असते. रोटर स्थिर असताना स्टेटरचे फिरते चुंबकीय क्षेत्र त्याच्या सळयांना पूर्ण वेगाने छेदते, त्यामुळे सळयांत मोठा दाब आणि मोठा प्रवाह निर्माण होतो. रोटर गती घेऊ लागला की क्षेत्र आणि रोटर यांच्या वेगांतील फरक, म्हणजे घसरण, कमी होत जाते आणि प्रवाहही उतरतो.

हा उतार मात्र सरळ नसतो. गती निम्मी झाली तरी प्रवाह फारसा कमी झालेला नसतो आणि ८० टक्के गतीलाही तो प्रारंभीच्या प्रवाहाच्या सुमारे ८५ टक्के असतो. खरा उतार शेवटच्या दहा-पंधरा टक्के गतीत होतो. स्टार-डेल्टा पद्धतीचे यशापयश मुख्यतः याच गुणधर्मावर अवलंबून असते.

प्रारंभी शक्तिगुणक ०.२ ते ०.३ इतका अल्प असतो. प्रवाहाचा मोठा भाग प्रतिघाती असल्याने रोहित्राच्या प्रतिघातावर तो अधिक दाब गमावतो. त्यामुळे पूर्ण भारावर रोहित्राचा दाब एक-दोन टक्केच उतरत असला, तरी मोटर सुरू करताना तो दहा टक्क्यांहून अधिक उतरू शकतो.

== दाबघटीचे गणित ==

पुरवठ्याचा संरोध आणि मोटरचा स्थिर रोटर अवस्थेतील संरोध एकापाठोपाठ जोडलेले आहेत असे मानल्यास दाब त्या दोघांत विभागला जातो :

दाबघट = Zs ÷ (Zs + Zm)

येथे Zs हा पुरवठ्याचा आणि Zm हा मोटरचा प्रति फेज संरोध होय. हे संरोध वस्तुतः सदिश पद्धतीने मिळवावे लागतात. परंतु रोहित्र आणि सुरू होणारी मोटर या दोहोंत प्रतिघाताचाच वरचष्मा असल्याने साध्या बेरजेने येणारे उत्तर प्रत्यक्षापेक्षा किंचित जास्त, म्हणजे सुरक्षित बाजूचे येते.

उदाहरणादाखल पुढील संच घेतला आहे. नदीकाठच्या पंपगृहात १६० किलोवॅट, ४१५ व्होल्ट, चार ध्रुवांची, १४८५ फेरे प्रति मिनिट गतीची मोटर आहे. कार्यक्षमता ९५ टक्के आणि शक्तिगुणक ०.८७ धरल्यास तिचा पूर्ण भार प्रवाह सुमारे २७० अँपिअर येतो. थेट प्रारंभाचा प्रवाह सहा पट, म्हणजे १६२० अँपिअर, आणि प्रारंभीचा टॉर्क पूर्ण भार टॉर्कच्या १.८ पट मानला आहे. पंपगृहाला लागूनच ५०० केव्हीए क्षमतेचे, ११ किलोव्होल्ट ते ४३३ व्होल्ट असे, ४.५ टक्के संरोधाचे रोहित्र आहे. ११ किलोव्होल्टची वाहिनी लांबून आल्यामुळे रोहित्राच्या ठिकाणी तिची लघुपथ क्षमता केवळ २५ एमव्हीए आहे.

४३३ व्होल्टच्या बाजूने पाहता रोहित्राचा संरोध १६.९ मिलिओहम आणि वाहिनीचा ७.५ मिलिओहम येतो. एकूण Zs सुमारे २४.४ मिलिओहम. मोटरचा स्थिर रोटर संरोध, ४१५ व्होल्टला १६२० अँपिअर या प्रमाणात, १४८ मिलिओहम आहे. मोटर थेट पुरवठ्याला जोडल्यास दाबघट २४.४ भागिले १७२.४, म्हणजे १४.२ टक्के होते. रोहित्राचा विनाभार दाब ४३३ व्होल्ट असेल तर तो ३७२ व्होल्टपर्यंत उतरतो.

दाबघटीची टक्केवारी मूळ दाब किती होता यापासून वेगळी करून पाहता येत नाही. भारतीय विद्युत नियम, १९५६ मधील नियम ५४ नुसार उच्च दाबाच्या पुरवठ्यात घोषित दाबाच्या ६ टक्के वर आणि ९ टक्के खाली इतका फरक चालत असे. म्हणजे ११ किलोव्होल्टची वाहिनी १०.२ किलोव्होल्टवर आली तरी ती या मर्यादेतच राहते. अशा वेळी आपल्या रोहित्राचा विनाभार दाब ४०१ व्होल्ट असतो आणि थेट प्रारंभात तो ३४४ व्होल्टवर, म्हणजे ४१५ व्होल्टच्या ८३ टक्क्यांवर जातो. आयईसी ६०९४७-४-१ या मानकानुसार कॉन्टॅक्टरने त्याच्या कॉइलच्या नियत दाबाच्या ८५ टक्क्यांना खात्रीने बंद व्हावे अशी अपेक्षा असते. त्याखाली तशी हमी नसते, आणि कॉन्टॅक्टर थरथरू लागला की त्याची टोके वितळून चिकटण्याचा धोका उत्पन्न होतो. शेजारी चालू असलेल्या मोटरींचा टॉर्क दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. दाब ८३ टक्के झाला तर टॉर्क ६९ टक्केच उरतो.

== स्टार-डेल्टा प्रारंभक ==

=== स्टार अवस्था ===

या पद्धतीसाठी मोटरच्या तीनही गुंडाळ्यांची सहा टोके बाहेर काढलेली असावी लागतात आणि मोटर नेहमीच्या चालीसाठी डेल्टा जोडणीची असावी लागते. प्रारंभी गुंडाळ्या स्टारमध्ये जोडतात. प्रत्येक गुंडाळीवर रेषादाबाच्या ५८ टक्केच दाब पडतो, आणि स्टारमध्ये रेषाप्रवाह व गुंडाळीप्रवाह एकच असल्याने पुरवठ्यातून ओढला जाणारा प्रवाह डेल्टाच्या एक तृतीयांश होतो. टॉर्कही एक तृतीयांश होतो.

उदाहरणातील मोटरचा संरोध आता पुरवठ्याला तिप्पट, म्हणजे ४४४ मिलिओहम भासतो. दाबघट ५.२ टक्के आणि प्रवाह सुमारे ५३४ अँपिअर, म्हणजे पूर्ण भाराच्या जेमतेम दुप्पट होतो. केवळ हे आकडे पाहिले तर स्टार-डेल्टा हा उत्तम उपाय वाटतो. सूचीपत्रांत आणि निविदांत बहुधा इतकीच तुलना दिलेली असते. प्रत्यक्षात मोटर स्टारमध्ये कोणत्या गतीपर्यंत पोहोचते, हा पुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो.

=== पंपाचा भार ===

अपकेंद्री पंपाला लागणारा टॉर्क गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. निम्म्या गतीला तो पूर्ण गतीच्या एक चतुर्थांश असतो. पंपाच्या निर्गम झडपेची स्थिती येथे निर्णायक ठरते. अरीय प्रवाहाच्या पंपात झडप बंद असताना पाणी वाहत नाही आणि पूर्ण गतीलाही पंप सामान्य भाराच्या साधारण निम्माच टॉर्क मागतो. झडप उघडी असेल तर पूर्ण टॉर्क लागतो. अक्षीय प्रवाहाच्या पंपांचे वर्तन याच्या उलट असते. झडप बंद ठेवल्यास त्यांना अधिक शक्ती लागते. म्हणून ते झडप उघडी ठेवूनच सुरू करतात.

पुढील तक्त्यात उदाहरणातील मोटरचे आणि पंपाचे टॉर्क पूर्ण भार टॉर्कच्या पटीत दिले आहेत. पुरवठ्याचा दाब ४१५ व्होल्ट धरला आहे. सॉफ्ट स्टार्टरचा स्तंभ पुढील विभागासाठी आहे. त्यात प्रवाह पूर्ण भाराच्या तिपटीवर मर्यादित केला आहे.

| गती (टक्के) | झडप बंद असताना पंपाची गरज | झडप उघडी असताना पंपाची गरज | स्टारमधील मोटर | सॉफ्ट स्टार्टर |
|---|---|---|---|---|
| ० | ०.१० | ०.१० | ०.६० | ०.४५ |
| ५० | ०.११ | ०.२३ | ०.५३ | ०.४४ |
| ८० | ०.२९ | ०.५८ | ०.६३ | ०.६६ |
| ९० | ०.३६ | ०.७४ | ०.७३ | १.०७ |

झडप बंद असेल तर स्टारमधील मोटर पंपाला सर्व गतींना पुरून उरते आणि ९८ टक्क्यांहून अधिक गती गाठते. झडप उघडी असेल तर ९० टक्क्यांच्या जवळ दोन्ही टॉर्क समान होतात आणि गती तेथेच थांबते. मोटर कितीही वेळ स्टारमध्ये ठेवली तरी ती पुढे जात नाही. वाहिनीचा दाब कमी असेल तर परिस्थिती आणखी बिघडते. वर घेतलेल्या ४०१ व्होल्टच्या स्थितीत स्टार अवस्थेतील दाबघटीनंतर ३८१ व्होल्ट उरतात. टॉर्क दाबाच्या वर्गाने घटत असल्याने तो सुमारे ८४ टक्के होतो आणि मोटर ७५ टक्क्यांच्या आसपास अडकते.

=== डेल्टात जाण्याचा क्षण ===

टायमरची वेळ संपताच स्टार कॉन्टॅक्टर उघडतो आणि थोड्या अवकाशानंतर डेल्टा कॉन्टॅक्टर बंद होतो. मोटर ९८ टक्के गतीवर असेल तर डेल्टातील प्रवाह पूर्ण भाराच्या दीडपटीहून कमी असतो आणि दाबघट तीन-साडेतीन टक्क्यांपलीकडे जात नाही. मोटर ९० टक्के गतीवर अडकलेली असेल तर प्रवाह ४.३ पट आणि दाबघट सुमारे १०.६ टक्के होते. ७५ टक्क्यांवर अडकलेली असेल तर प्रवाह सव्वापाच पट आणि दाबघट १२.६ टक्के. म्हणजे थेट प्रारंभाच्या १४.२ टक्क्यांच्या तुलनेत फारसे काही वाचलेले नसते. धक्का टळलेला नसतो, केवळ काही सेकंद पुढे ढकललेला असतो.

याखेरीज एक क्षणिक परिणाम वरील गणितात येत नाही. स्टार उघडल्यावर डेल्टा बंद होईपर्यंत साधारण ५० मिलिसेकंद, म्हणजे ५० हर्ट्झच्या पुरवठ्याची अडीच आवर्तने, मोटर पुरवठ्यापासून तुटलेली असते. या काळात रोटरमधील प्रवाह लगेच नाहीसा होत नाही. फिरता रोटर स्टेटरमध्ये दाब निर्माण करीत राहतो आणि रोटर पुरवठ्याहून सावकाश फिरत असल्याने हा दाब पुरवठ्याच्या मागे पडत जातो. घसरण दोन टक्के असेल तर तो १८ अंश मागे पडतो. दहा टक्के असेल तर ९० अंश. शिवाय पंपाचे जडत्व थोडे असल्याने उघड्या झडपेच्या भाराखाली एवढ्या अवधीतही गती काही टक्क्यांनी उतरते. डेल्टा बंद होताना पुरवठ्याचा दाब आणि हा उरलेला दाब यांत मोठे कोनांतर असेल तर काही आवर्तनांपुरता प्रवाह थेट प्रारंभाच्या प्रवाहाहूनही वर जाऊ शकतो. मोठ्या मोटरींत डेल्टा बंद होताना मुख्य ब्रेकर ट्रिप होण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

गुंडाळ्यांची टोके कोणत्या क्रमाने जोडली आहेत यावरही हा धक्का अवलंबून असतो. डेल्टा दोन प्रकारे जोडता येते आणि दोन्ही प्रकारांत मोटर योग्य दिशेनेच फिरते. पहिल्या प्रकारात पहिला फेज U1 व V2 ला, दुसरा V1 व W2 ला आणि तिसरा W1 व U2 ला जोडतात. अशा वेळी गुंडाळीवरील डेल्टा दाब तिच्या स्टारमधील दाबाच्या ३० अंश मागे असतो. रोटरचा उरलेला दाबही मागेच पडलेला असल्याने दोहोंतील अंतर कमी होते. दुसऱ्या प्रकारात U1 ची जोडी W2 शी, V1 ची U2 शी आणि W1 ची V2 शी असते. त्यात डेल्टा दाब ३० अंश पुढे असतो आणि अंतर तेवढेच वाढते. मोटरच्या टर्मिनल पेटीतील पट्ट्या नेहमीच्या डेल्टासाठी दुसऱ्या प्रकारे बसवितात. प्रारंभक जोडताना तोच क्रम उचलला जातो आणि मोटर सुरळीत चालत असल्याने चूक कोणाच्या लक्षात येत नाही.

== सॉफ्ट स्टार्टर ==

सॉफ्ट स्टार्टरमध्ये प्रत्येक फेजमध्ये परस्परविरोधी दिशांनी जोडलेले दोन थायरिस्टर असतात. प्रत्येक अर्धआवर्तनात थायरिस्टर किती उशिराने चालू करावयाचे हे नियंत्रण परिपथ ठरवितो आणि त्याप्रमाणे मोटरवरील दाब कमी-अधिक करतो. मोटर डेल्टातच जोडलेली राहते आणि तिला तीनच तारा पुरतात. प्रारंभ पूर्ण झाल्यावर बायपास कॉन्टॅक्टर बंद होतो, त्यामुळे चालू स्थितीत थायरिस्टरांत उष्णता निर्माण होत नाही. या साधनांसाठी आयईसी ६०९४७-४-२ हे मानक आहे.

=== प्रवाह आणि टॉर्क यांचे नाते ===

सॉफ्ट स्टार्टरने प्रवाह निम्मा केला तर टॉर्क निम्मा न होता एक चतुर्थांश होतो. दाब घटविल्यावर प्रवाह त्याच प्रमाणात घटतो, पण टॉर्क दाबाच्या वर्गाने घटतो. स्टार-डेल्टात रेषाप्रवाह आणि टॉर्क दोन्ही एक तृतीयांश होतात. म्हणजे रेषेतील दर अँपिअरमागे स्थिर रोटरवर स्टार अधिक टॉर्क देतो. उदाहरणातील मोटरकडून सॉफ्ट स्टार्टरद्वारे स्टारइतकाच ०.६ पट टॉर्क मिळवावयाचा तर प्रवाह सुमारे साडेतीन पट, म्हणजे ९४० अँपिअरच्या आसपास ठेवावा लागेल. स्टारमध्ये तो दुप्पट असतो. सॉफ्ट स्टार्टर प्रत्येक वेळी स्टार-डेल्टापेक्षा कमी प्रवाह घेतो, हा समज या कारणाने चुकीचा आहे.

प्रवाहमर्यादा तीन पट, म्हणजे ८१० अँपिअर ठेवल्यास स्थिर रोटरवर टॉर्क ०.४५ पट मिळतो. पंप जागचा हलविण्यास तो पुरेसा असतो. दाबघट ८१० अँपिअर गुणिले २४.४ मिलिओहम, म्हणजे प्रति फेज सुमारे २० व्होल्ट किंवा ७.९ टक्के होते. स्टार अवस्थेतील ५.२ टक्क्यांहून ती अधिक, पण अडकलेल्या मोटरला डेल्टात टाकताना होणाऱ्या १० ते १३ टक्क्यांहून स्पष्टपणे कमी आहे.

=== गतीबरोबर वाढणारा टॉर्क ===

तक्त्यातील शेवटचा स्तंभ पाहिल्यास दोन पद्धतींतील मूलभूत फरक लक्षात येतो. स्टारमध्ये मोटरला प्रत्येक गतीला तिच्या पूर्ण टॉर्कचा ठरावीक एक तृतीयांश भागच मिळतो. सॉफ्ट स्टार्टर प्रवाह स्थिर ठेवतो. गती वाढून मोटरची प्रवाहाची मागणी कमी होऊ लागली की तोच प्रवाह टिकविण्यासाठी थायरिस्टर अधिकाधिक उघडतात आणि मोटरवरील दाब वाढत जातो. ९० टक्के गतीला मोटर पूर्ण दाबावर ४.३ पट प्रवाह मागते, त्यांपैकी तीन पट दिला जात असतो. टॉर्क १.०७ पट होतो, तर उघड्या झडपेसह पंपाची गरज ०.७४ पट असते. पंपाचा भार गतीबरोबर वाढतो आणि मोटरचा टॉर्कही गतीबरोबर वाढतो. त्यामुळे मोटर अडकत नाही आणि पूर्ण दाबावर जाताना पायरी पडत नाही.

पुरवठ्याचा दाब कमी असतानाही हेच नियंत्रण उपयोगी पडते. वाहिनी १०.२ किलोव्होल्टवर असेल तर ८१० अँपिअर ओढताना रोहित्रावर ३६७ व्होल्ट उरतात. प्रारंभी तिप्पट प्रवाहासाठी मोटरला २०८ व्होल्टच पुरतात आणि ९० टक्के गतीला २९० व्होल्ट लागतात. थायरिस्टर थोडे अधिक उघडून ही तूट भरून काढतात आणि टॉर्क तोच राहतो. ३६७ व्होल्ट म्हणजे ४१५ च्या ८८ टक्के. कॉन्टॅक्टरांच्या दृष्टीने हा दाब सुरक्षित आहे.

=== मर्यादा ===

प्रवाहमर्यादा गरजेपेक्षा कमी ठेवल्यास सॉफ्ट स्टार्टरचीही मोटर अडकते. उदाहरणातील संचात झडप उघडी असताना ८० टक्के गतीला ०.६६ आणि ०.५८ एवढेच अंतर आहे. मर्यादा २.७ पट केली तर टॉर्क ०.५३ वर येतो आणि मोटर त्या गतीच्या अलीकडेच थांबते. अशा अवस्थेत रोटर तापत राहतो आणि काही वेळाने संरक्षण साधन मोटर बंद करते. दाबघट कमी करण्याच्या हेतूने मर्यादा आणखी खाली ओढणे हा यावरील उपाय नव्हे. प्रारंभी झडप बंद ठेवणे हाच खरा उपाय होय.

थायरिस्टर साइन तरंगाचे तुकडे करीत असल्याने प्रारंभकाळात प्रवाहात हार्मोनिक घटक येतात. बायपास झाल्यावर ते राहत नाहीत. शक्तिगुणक सुधारणारे कपॅसिटर सॉफ्ट स्टार्टर आणि मोटर यांच्या मध्ये कधीही जोडू नयेत. थायरिस्टर चालू होताच त्यांत तीव्र प्रवाह शिरतो आणि थायरिस्टर निकामी होतात. स्टार-डेल्टा काढून सॉफ्ट स्टार्टर बसविताना मोटरच्या टर्मिनलांवरचे जुने कपॅसिटर तसेच राहून जाणे ही वारंवार होणारी चूक आहे. कपॅसिटर सॉफ्ट स्टार्टरच्या पुरवठ्याच्या बाजूला, स्वतंत्र कॉन्टॅक्टरवर ठेवून बायपासनंतर चालू करतात. तसेच बंद अवस्थेतील थायरिस्टर पुरवठ्यापासून पूर्ण विलगता देत नाहीत. म्हणून मोटरवर काम करण्यापूर्वी आधीचा विलगक उघडणे आवश्यक असते.

== पंप थांबविणे ==

स्टार-डेल्टा प्रारंभकाचे काम डेल्टात गेल्यावर संपते. थांबविताना तो मोटर एकदम तोडतो. उंचावर पाणी चढविणाऱ्या लांब नळात पंप अचानक थांबला की पाण्याचा स्तंभ थांबून उलट फिरतो, एकदिश झडप आपटून बंद होते आणि नळातून दाबाची लाट धावते. यास वॉटर हॅमर म्हणतात. सॉफ्ट स्टार्टर मोटरवरील दाब काही सेकंदांत क्रमाने कमी करून हा आघात सौम्य करू शकतो. वीजपुरवठाच गेला तर मात्र त्याचाही उपयोग होत नाही. त्यासाठी नळावर हवापात्र, आघातरोधक झडप यांसारखी साधने लागतात.

== प्रत्यक्ष मोजमाप ==

वाहिनीची लघुपथ क्षमता पंपगृहात सहसा ठाऊक नसते. ती ठाऊक नसतानाही Zs मोजून काढता येतो. मोटर सुरू करण्यापूर्वीचा दाब आणि स्टार अवस्थेतील दाब व प्रवाह एकाच वेळी, किमान-कमाल नोंदविणाऱ्या मीटरने घ्यावेत. उदाहरणातील संचात फेजदाब २५० वरून २३७ व्होल्टवर येईल आणि प्रवाह ५३४ अँपिअर दिसेल. १३ भागिले ५३४ केल्यास २४.३ मिलिओहम मिळतात. या एका आकड्यावरून त्या ठिकाणी कोणत्याही प्रवाहाला दाबघट किती होईल याचा पुरेसा अंदाज येतो. मोजमाप रोहित्राच्या दुय्यम बाजूच्या पट्ट्यांवर करावे. मोटरच्या टर्मिनलांवर केल्यास केबलमधील घटही त्यात मिसळते.

स्टारमधील मोटर अडकते आहे की नाही हे प्रवाहावरून ओळखता येते. गती पूर्ण होत असेल तर डेल्टात जाण्यापूर्वी अँपिअरमीटरचा काटा ठळकपणे खाली उतरतो. काटा वरच राहिला आणि मोटरचा आवाज एका पट्टीत स्थिर झाला तर ती अडकलेली असते. अशा वेळी टायमरची वेळ वाढवून लाभ होत नाही. रोटर मात्र अधिक तापतो. काटा उतरत असतानाच मोटर डेल्टात जात असेल तर वेळ वाढविणे योग्य ठरते. स्टार-डेल्टातील ओव्हरलोड रिले गुंडाळीच्या शाखेत बसविलेला असेल तर तो रेषाप्रवाहाच्या ५८ टक्क्यांवर, म्हणजे येथे १५६ अँपिअरवर लावावा लागतो. तो २७० वर लावलेला आढळल्यास मोटर वस्तुतः संरक्षणाविना चालत असते.

== निवड ==

झडप बंद ठेवून सुरू करता येणारा अरीय प्रवाहाचा पंप, प्रत्येक वेळी झडप पाहणारा कर्मचारी आणि सशक्त पुरवठा असेल, तर स्टार-डेल्टा कमी खर्चात सर्वांत कमी दाबघट देतो. उदाहरणातील संचात ती ५.२ टक्क्यांच्या वर जात नाही. सॉफ्ट स्टार्टरने ती ७.९ टक्के झाली असती. पंप स्वयंचलित असेल, झडप उघडीच राहत असेल, वाहिनीचा दाब दिवसभरात बदलत असेल किंवा नळ लांब असेल, तर सॉफ्ट स्टार्टर योग्य ठरतो. त्याची दाबघट स्टारहून अधिक असली तरी ती आगाऊ ठरविता येते आणि संपूर्ण प्रारंभात त्या मर्यादेबाहेर जात नाही. पाच टक्क्यांहूनही कमी दाबघट आवश्यक असून पंप भारासह सुरू करावयाचा असेल, तर या दोन्ही पद्धती अपुऱ्या पडतात. तेथे मोठे रोहित्र किंवा दाब आणि वारंवारता दोन्ही बदलणारा चलवारंवारता चालक वापरावा लागतो.

== हेही पहा ==

* प्रवर्तन मोटर
* रोहित्र
* अपकेंद्री पंप
* थायरिस्टर
* उपसा सिंचन